पक्ष कुठं वापरला?

सराव परीक्षेचे पेपर तपासत व्हरांड्यात बसले होते. जानेवारीतलं ऊन पायापर्यंत सरकत आलं होतं. शाळेच्या कुंपणापलीकडच्या वावरात तूर काढणं चालू होतं, थ्रेशरची घरघर कानाला इतकी सवयीची झाली होती की ते मधेच थांबलं की दचकायला व्हायचं. कुटाराची धूळ उडून पेपरांवर बसत होती. लाल पेनानं रेघ ओढली की धुळीत ती थोडी अडखळायची. निम्मी मुलं कापसाच्या वेचणीतून थेट परीक्षेला आलेली, काहींच्या पेपरांच्या कडांना बोटांचे मळकट ठसे होते. अशात एका मुलीचा पेपर हाती आला. अक्षर सुरेख, पायऱ्या एकाखाली एक, बरोबरची चिन्हं सरळ रेषेत. असा पेपर आला की तपासणाऱ्याला आधीच अर्धं समाधान वाटतं. प्रश्न तीन गुणांचा होता. θ हा लघुकोन असेल, तर सिद्ध करा:

√[(1 − sinθ)/(1 + sinθ)] = secθ − tanθ

तिनं हे समीकरण उत्तरात जसंच्या तसं उतरवलं आणि खाली लिहीत गेली:

(1 − sinθ)/(1 + sinθ) = (secθ − tanθ)²
(1 − sinθ)/(1 + sinθ) = (1 − sinθ)²/cos²θ
cos²θ = (1 − sinθ)(1 + sinθ)
cos²θ = 1 − sin²θ
cos²θ = cos²θ
∴ डावी बाजू = उजवी बाजू

शेवटच्या ओळीभोवती पट्टीनं चौकट. मी एक गुण दिला. दुसऱ्या दिवशी पेपर वाटले, आणि मधल्या सुट्टीत ती टेबलाशी येऊन उभी राहिली. रडवेली नव्हती, हिशेब मागायला आली होती. “मॅडम, एकबी पायरी चुकली नाई. शेवटी बरोबरबी आलं. मंग दोन मार्क कायले कापले?” मी म्हटलं, अगं, जे सिद्ध करायचं तेच तू पहिल्या ओळीत खरं धरलंस. त्यावर ती म्हणाली, “पण तुमीच त प्रश्नात लिवून देल्लं न, का ते बरोबर हाय मनून!”

घंटा झाली, ती वर्गात गेली. ते वाक्य मात्र कित्येक दिवस माझ्या मागं लागलं.

कारण ती खोटं काय बोलली? बाकीच्या गणितांत उत्तर आपण लपवून ठेवतो. किंमत काढा, क्षेत्रफळ काढा, वय काढा. ‘सिद्ध करा’ किंवा ‘दाखवा की’ म्हटलं की उत्तर आपणच छापून देतो, वर परीक्षा मंडळाच्या कागदावर. खेड्यातल्या मुलाच्या लेखी छापील कागदापेक्षा मोठी साक्ष कुठली? सातबारा छापील, रेशनकार्ड छापील, प्रश्नपत्रिका छापील. छापून आलंय म्हणजे खरं आहे, आणि खरं आहे तर पहिल्या ओळीत लिहायला हरकत काय, असा तिचा सरळ विचार. ‘गृहीत धरायचं नसतं’ एवढं एक वाक्य फेकून तिला गप्प करता आलं असतं, आणि आम्ही बरेच जण तेच करतो. पण का धरायचं नसतं, हे तिला आकड्यांत दाखवता आलं नाही तर तो नुसता आमचा शिरस्ता ठरतो.

म्हणून पुढच्या तासाला फळ्यावर लिहिलं: 3 = 5. वर्गात खसखस पिकली. मी म्हटलं, हे सिद्ध करायचंय. तीन क्विंटल कापूस आणि पाच क्विंटल कापूस सारखाच. दोन्ही बाजूंतून 4 वजा करू: −1 = 1. दोन्ही बाजूंचा वर्ग करू: 1 = 1. डावी बाजू बरोबर उजवी बाजू. आता सांगा, कोणती पायरी चुकली? दोन्ही बाजूंतून सारखी संख्या वजा करणं चूक आहे का? नाही. दोन्ही बाजूंचा वर्ग करणं? तेही नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “व्यापाऱ्याले सांगू नका मॅडम, थो असाच काटा करते.” हसणं ओसरल्यावर मी त्या मुलीकडं पाहिलं. ती हसत नव्हती, वहीत वजाबाकी पुन्हा करून पाहत होती. तिच्या उत्तराचा आणि या उत्तराचा साचा एकच होता. जे हवं ते वर लिहायचं, दोन्ही बाजूंवर सारख्याच क्रिया करत उतरायचं, आणि तळाशी निर्विवाद खरी ओळ आली की चौकट टाकायची. खोट्या विधानापासून निघूनसुद्धा, एकही पायरी न चुकवता, खऱ्या विधानाशी पोचता येतं. म्हणून तळाला 1 = 1 आलं यावरून वरच्या ओळीबद्दल काहीच ठरत नाही. वर्ग करताना चिन्ह हरवतं. शून्यानं गुणताना तर सगळंच हरवतं, 3 × 0 = 5 × 0, आणि झालं सिद्ध.

हे तिला पटलं. पण माझं समाधान झालं नाही, कारण तिच्या गणितातलं विधान 3 = 5 सारखं खोटं नव्हतं. ते खरं होतं, आणि तिच्या रीतीत नक्की काय निसटलं ते त्याच गणितात दाखवायला हवं होतं.

ते दिसतं θ जरा मोठा केला की. दहावीला विशालकोनाचं sin, cos नसतं, त्यामुळं हे मी अकरावीच्या वर्गात दाखवते. θ = 150° घ्या. sinθ आहे 1/2. डावी बाजू होते √(0.5/1.5), म्हणजे 1/√3. उजवीकडं secθ आहे −2/√3 आणि tanθ आहे −1/√3, म्हणून secθ − tanθ येतं −1/√3. एक बाजू धन, दुसरी ऋण. समीकरण साफ खोटं. आता त्या मुलीच्या पायऱ्यांत हाच कोन घालून बघा. पहिला वर्ग केला की दोन्हीकडं 1/3. पुढं cos²θ आहे 3/4, आणि (1 − 1/2)(1 + 1/2) तेही 3/4. एकूण एक ओळ खरी. म्हणजे जिथं विधान खोटं आहे, तिथंही तिच्या उत्तराला कुठंच ठेच लागत नाही, आणि चौकट तितक्याच सुबकपणे पडते.

आता तेच गणित सरळ करून पाहा. फक्त डावी बाजू हाती घ्यायची, उजवीकडं ढुंकून बघायचं नाही. वर्गमुळाच्या आत अंश आणि छेद दोघांनाही (1 − sinθ) नं गुणलं की अंशात (1 − sinθ)² येतं, छेदात 1 − sin²θ, म्हणजे cos²θ. आता वर्गमूळ काढायचं. अंशाचं सोपं आहे, sinθ कधी 1 च्या वर जात नाही, म्हणून 1 − sinθ ऋण होत नाही. छेदात √(cos²θ) आहे, आणि इथं हात थांबतो. याचं वर्गमूळ cosθ लिहायचं की −cosθ? θ लघुकोन आहे हे प्रश्नात दिलं होतं. ते आत्ता, या एका क्षणी कामी येतं: लघुकोनाचा cosθ धन, म्हणून वर्गमूळ cosθ. मग (1 − sinθ)/cosθ, आणि ते फोडून secθ − tanθ. विशालकोन असता तर याच ठिकाणी चिन्ह बदललं असतं आणि आपल्याला कळलं असतं की विधान टिकत नाही. त्या मुलीच्या उत्तरात ‘लघुकोन’ ही दिलेली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठंच वापरली गेली नव्हती. तपासताना मला खुपत होतं ते हे, पण तेव्हा शब्दांत धरता आलं नव्हतं.

तिच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. तिचा पेपर मी नंतर पुन्हा काढला आणि तिचं उत्तर खालून वर वाचलं. cos²θ = 1 − sin²θ, हे तर सगळ्यांना मान्य. म्हणून cos²θ = (1 − sinθ)(1 + sinθ). दोन्ही बाजूंना (1 − sinθ) नं गुणा आणि मग (1 + sinθ) व cos²θ नं भागा, लघुकोनात यातलं काहीच शून्य नाही. मिळतं (1 − sinθ)/(1 + sinθ) = (1 − sinθ)²/cos²θ. आता दोन्हीकडचं धन वर्गमूळ घ्या, θ लघुकोन असल्यामुळं (1 − sinθ)/cosθ धन आहे. संपलं. अख्खी सिद्धता तिच्याच ओळींत होती, उलट्या क्रमानं, आणि मधे दोन कारणं लिहायची राहिली होती. अलेक्झांड्रियाच्या पॅपसनं चौथ्या शतकात हेच सविस्तर लिहून ठेवलंय: हवं ते मिळालंच आहे असं समजून मागं मागं जायचं, ओळखीच्या जागी पोचलं की तिथून उलट फिरून पुन्हा सगळं बांधत यायचं. पहिला भाग शोधण्याचा, दुसरा सिद्धतेचा. आमची मुलं पहिला भाग करतात आणि पेपर देऊन टाकतात. त्यात त्यांचा दोष थोडा आणि आमचा जास्त, कारण कच्चं काम उजव्या समासात करून मग खोडून टाकायचं, एवढंच आम्ही शिकवतो. कच्च्या कामात उत्तराकडून मागं यायला काहीच बंदी नाही, हे कोणी सांगत नाही. अंश-छेदाला (1 − sinθ) नंच का गुणायचं, हे शेवटी कोणाला सुचतं? ज्यानं उजवी बाजू आधी (1 − sinθ)/cosθ अशी लिहून पाहिली, त्यालाच.

तरी एकच गुण का? माझा सहकारी म्हणतो, दोन द्यायला हवे होते. त्याचं म्हणणं, बीजगणित चोख आहे, आणि पुढं सीईटीत चार पर्यायांतला एक निवडायचा असतो, तिथं कोण विचारतं कुठून निघालात. मला ते पटत नाही, पण त्याच्याशी वाद घालताना माझा आवाज जरा जास्तच चढतो, हेही खरं.

लहानपणी आमच्या धुऱ्याचं, वावराच्या बांधाचं, भांडण होतं. शेजारच्या वावरवाल्याचं म्हणणं, धुरा नांगराच्या दोन तासांइतका त्याच्या वावरात सरकलाय. पंच जमले, बाबांनी सगळ्यांना चहा पाजला. शेजारी म्हणाला, “हा धुरा माहा हाय, कावून त त्याच्यावरची बाभूय माही हाय.” एका म्हाताऱ्या पंचानं विचारलं, “बाभूय तुही कशावरून?” तो म्हणाला, “माह्या धुऱ्यावर हाय न!” सगळे हसले, पण तो हसला नाही. त्याला खरोखरच आपण पुरावा दिला असं वाटत होतं. पुढं रीतसर मोजणी झाली. मोजणीवाल्यानं धुऱ्याकडं पाहिलंच नाही. तो आधी पार दुसऱ्या टोकाला गेला, नाल्याजवळच्या हद्दीच्या दगडापाशी, ज्याबद्दल दोन्ही घरांचा काही वाद नव्हता. तिथून मोजत मोजत तो धुऱ्यापर्यंत आला. गौतमाच्या न्यायसूत्रांत पाच हेत्वाभास सांगितलेत, त्यातल्या एकाचं नाव साध्यसम: दिलेलं कारणच साध्याइतकं सिद्ध व्हायचं बाकी असणं. शेजाऱ्याच्या बाभळीचं नेमकं तेच झालं होतं.

बाभूळ ओळखायला सोपी असते, कारण ती डोळ्यांपुढं उभी असते. वहीत ती लपून येते.

याच पेपरात दुसरा एक प्रश्न होता, मीच घातलेला. एका आयताकृती खळ्याची लांबी रुंदीपेक्षा 7 मीटरनं जास्त आहे आणि कर्ण 13 मीटर आहे. रुंदी x मीटर मानून दाखवा की x² + 7x − 60 = 0, आणि त्यावरून खळ्याची लांबी-रुंदी काढा. ‘दाखवा की’ घालण्यामागं माझा हेतू चांगला होता. ज्याला समीकरण मांडता येत नाही त्याचं पुढचं गणित अडू नये, दिलेलं समीकरण घेऊन त्यानं निदान रुंदी तरी काढावी. करायचं काम एवढंच: पायथागोरसनं x² + (x + 7)² = 13². विस्तार केला की x² + x² + 14x + 49 = 169. म्हणजे 2x² + 14x − 120 = 0, आणि 2 नं भागलं की दिलेलं समीकरण.

एका मुलानं (x + 7)² चा विस्तार x² + 49 असा केला. मधलं 14x गळालं. गळू दे, दहावीत ही चूक घरोघरी असते. त्याची पुढची ओळ 2x² − 120 = 0 आली, तीही त्याच्या चुकीला धरून बरोबर. त्या पुढची ओळ: x² − 60 = 0. आणि त्या पुढची: x² + 7x − 60 = 0. हे 7x कुठून आलं? कुठूनच नाही. ते प्रश्नपत्रिकेतून उडी मारून आलं. उत्तर छापलेलं नसतं, तर हा मुलगा x² = 60 वर थांबला असता, रुंदी पूर्णांक येत नाही हे पाहून बावचळला असता, आणि कदाचित मागं जाऊन आपलं 14x शोधलं असतं. छापलेल्या उत्तरानं त्याला चूक शोधण्यापासून वाचवलं. ‘दाखवा की’चं उत्तर तपासताना मी आता शेवटची ओळ वाचतच नाही, ती सगळ्यांचीच बरोबर असते. शेवटून दुसरी आणि तिसरी ओळ वाचते, कारण शिवण तिथंच दिसते. एखादं पद अचानक उगवतं, एखादं चिन्ह गुपचूप फिरतं, नाहीतर दोन पायऱ्यांचं काम एका ‘म्हणून’च्या तीन टिंबांत उरकलेलं असतं.

दुसरा एक मुलगा त्याहून चलाख. त्यानं समीकरण मांडलंच नाही. दिलेल्या x² + 7x − 60 = 0 चे अवयव पाडले, (x + 12)(x − 5) = 0. लांबी ऋण नसते म्हणून x = 5, म्हणजे लांबी 12. मग ताळा केला: 5² + 12² = 25 + 144 = 169 = 13². आणि खाली लिहिलं, ‘म्हणून समीकरण बरोबर आहे.’ सुंदर दिसतं. दुसऱ्या भागाचे, रुंदी काढण्याचे, गुण त्याला पूर्ण मिळाले. पहिल्या भागात शून्य. तो भांडायला आला तेव्हा मी म्हटलं, समजा मी x² − 25 = 0 दाखवा असं विचारलं असतं, तर? त्यानं पाहिलं, x = 5 इथंही बसतं, आणि ताळाही तोच येतो. मग खळ्याच्या माहितीतून x² − 25 = 0 निघालं का? 5 ज्यात बसतं अशी समीकरणं हवी तेवढी लिहिता येतील. खळ्याचं मोजमाप त्याच्या ताळ्याला जुळलं होतं खरं, पण त्याला दाखवायचं होतं की दिलेल्या माहितीतून नेमकं हेच समीकरण निघतं. त्याच्या उत्तरात ‘7 मीटरनं जास्त’ आणि ‘कर्ण 13’ ही माहिती शेवटी पडताळायला आली, सुरुवातीला कामाला लागली नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हंजे मी उत्तरातून उत्तर काढलं.” मला याहून नीट सांगता आलं नसतं.

भूमितीत हे पकडणं सर्वांत अवघड, कारण तिथं आकृती फितूर होते. AB = AC असेल तर ∠B = ∠C सिद्ध करा, हे जुनंच प्रमेय. वर्गातल्या बहुतेक वह्यांत मला एकच सिद्धता सापडली: ‘रचना – BC वर AD लंब असा काढा की BD = DC होईल.’ मग AD सामाईक, D जवळचे दोन्ही कोन काटकोन, BD = DC, म्हणून बाकोबा कसोटीनं त्रिकोण एकरूप, म्हणून ∠B = ∠C. आकृतीत अगदी तसंच दिसतं, लंब बरोब्बर मध्यावर पडतो. पण A पासून लंब टाकला की तो कुठं पडेल हे ठरवणं आपल्या हातात राहत नाही. लंब काढायचा असेल तर लंब काढा, मध्यबिंदू जोडायचा असेल तर मध्यबिंदू जोडा. दोन्ही एकदम मागणं म्हणजे त्रिकोण समद्विभुज असल्याचा फायदा, तो मिळवण्याआधीच, उधार घेणं. फक्त लंब टाकला तर कर्णभुजा कसोटी आहे, फक्त मध्यबिंदू जोडला तर बाबाबा आहे. दोन्हींत AB = AC लागतं.

हे मुलांना कळावं म्हणून मी एकच प्रश्न विचारते, आता तो वर्गात थट्टेचाच झालाय. पक्ष कुठं वापरला? वहीतल्या सिद्धतेत AB = AC शोधा म्हटलं. पक्षात होतं, साध्याच्या वर लिहिलेलं होतं, आणि त्यानंतर एकदाही नव्हतं. मग मी फळ्यावर मुद्दाम वेडावाकडा त्रिकोण काढला, एक बाजू आखूड, दुसरी लांबलचक, आणि त्यांच्याच सिद्धतेची प्रत्येक ओळ वाचत गेले. AD लंब असा काढा की BD = DC होईल... एकही ओळ अडली नाही, कारण एकाही ओळीला AB = AC लागतच नव्हतं. म्हणजे जगातले सगळे त्रिकोण समद्विभुज! दिलेली गोष्ट न वापरता साध्य मिळालं, तर दोनच शक्यता उरतात. एक तर ती गोष्ट मुळातच अनावश्यक होती, किंवा साध्य मागच्या दारानं आत आलंय. शाळेच्या पुस्तकात पहिली शक्यता क्वचितच असते.

एका मुलानं मात्र मला अडवलं. “मॅडम, √2 अपरिमेय हाय हे सिद्ध करताना त आपन पयल्याच ओळीत धरून घेतो. समजा √2 परिमेय हाय. थे कसं चालते?” प्रश्न रास्त होता, आणि त्या आडून त्याला धरून घ्यायची परवानगी हवी होती हेही दिसत होतं. तिथं आपण साध्याच्या उलटं धरतो. √2 = p/q, p आणि q मध्ये सामाईक अवयव नाही, असं धरतो. मग p² = 2q², म्हणून p सम, म्हणून q ही सम, आणि दोघांत 2 सामाईक निघाला. विसंगती. म्हणून धरलेलं खोटं. खोट्यापासून खऱ्याकडं जाता येतं, पण खऱ्यापासून, पायऱ्या बिनचूक असतील तर, खोट्याकडं जाता येत नाही. म्हणून तळाशी खोटं सापडलं की वरचं विधान नक्की पडतं, आणि तळाशी खरं सापडलं तर वरच्याबद्दल काहीच कळत नाही. अप्रत्यक्ष सिद्धता या एकतर्फी रहदारीवरच चालते. त्या मुलीची सिद्धता त्याच रस्त्यावर उलट्या दिशेनं निघाली होती. मुलगा म्हणाला, “म्हंजे उलटं धरलं त चालते, सुलटं धरलं त नाई चालत.” म्हटलं, हो, तेवढं लक्षात ठेव. तो बसला, पण त्याच्या चेहऱ्यावरून हा कायदा त्याला अन्यायाचा वाटत होता.

फेब्रुवारीत उजळणी घेताना ते √[(1 − sinθ)/(1 + sinθ)] मी पुन्हा फळ्यावर काढलं. या वेळी फळ्याच्या मधोमध खडूनं उभी रेघ मारली आणि उजवीकडचा भाग कच्च्या कामाला दिला, तिथं उत्तरापासून मागं या, हवं ते धरा, कोणी काही म्हणणार नाही. डावीकडं फक्त दिलेल्यापासून. दोन-तीन जणांनी करून दाखवलं. वर्गमुळापाशी थांबून ‘θ लघुकोन, ∴ cosθ > 0’ लिहिलं गेलं. मी ‘छान’ म्हणून डस्टर उचललं, तेवढ्यात तीच मुलगी उभी राहिली. “मॅडम, 90° ले काय होते?” लघुकोनात 90° येत नाही, म्हटलं. “थे मले समजलं. पन आपल्या पायऱ्याईत थे कोठी दिसते? cosθ त तिसऱ्या ओळीत आला.” सगळा वर्ग फळ्याकडं पाहू लागला. θ = 90° ला sinθ = 1, म्हणून डावी बाजू 0/2 चं वर्गमूळ, म्हणजे 0. ती तर व्यवस्थित आहे. उजवीकडं secθ आणि tanθ दोन्ही अस्तित्वात नाहीत. मग पायऱ्यांनी हे कुठं सांगायला हवं होतं? ती पुढं आली, माझ्या हातातून खडू घेतला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं, जिथं अंश आणि छेद दोघांनाही (1 − sinθ) नं गुणलं होतं. 90° ला तो 1 − 1, म्हणजे शून्य. शून्यानं अंश-छेद गुणता येत नाहीत. तिनं त्या ओळीपुढं कंस करून लिहिलं: (θ लघुकोन, ∴ sinθ ≠ 1). लघुकोन ही दिलेली गोष्ट एकदा नव्हे, दोनदा लागते, असं ती बाकीच्यांना सांगत होती, आणि मागच्या बाकावर वाद सुरू झाला होता की मग परीक्षेत दोन्ही ठिकाणी लिहायचं की एकदाच लिहून भागेल.